ख्रिसमस कॅक्टसच्या कळ्या गळतायत: कारण मागच्या दहा दिवसांत शोधा

प्रश्न: ख्रिसमस कॅक्टस वर्षभर गॅलरीत होता. यंदा भरपूर कळ्या धरल्या म्हणून बारा दिवसांपूर्वी आत आणून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. चार दिवसांनी तिथून उचलून जेवणाच्या टेबलावर, फळांच्या टोपलीशेजारी ठेवला. गेले पाच दिवस रोज पाच-सहा कळ्या गळतायत. बऱ्याचशा हिरव्यागार आहेत, काही सुरकुतलेल्या. पाणी दर रविवारी एक पेला घालते. मागचा रविवार चुकला म्हणून या रविवारी, म्हणजे परवा, दोन पेले घातले. कुंडी 15 सेंटीमीटरची, प्लास्टिकची आहे. पाणी कमी पडतंय की जास्त? जागा पुन्हा बदलू का? उरलेल्या कळ्या वाचतील का?

उत्तर:

गळती जागा बदलल्यामुळे सुरू झाली आणि पाण्याच्या मोठ्या खंडाने वाढली, असं तुम्ही दिलेल्या दिवसांवरून दिसतं. परवाचे दोन पेले या गळतीचं कारण असू शकत नाहीत, कारण गळती त्याच्या तीन दिवस आधीच सुरू झाली होती. मात्र आता आणखी पाणी घातलंत तर तेच पुढचं कारण होईल. म्हणून आज वरून पाणी घालू नका, फळांची टोपली तिथून हलवा आणि टेबलावर उजेड पुरेसा आहे की नाही ते खाली दिल्याप्रमाणे तपासा. जागा बदलायची की नाही ते त्यावर ठरेल. उरलेल्यांपैकी बऱ्याच कळ्या टिकू शकतात. पण अजून चार-पाच दिवस थोडी गळती चालू राहील आणि त्या काळात घाबरून नवीन काही करायचं नाही.

ती चालू का राहील हे समजलं की बाकीचं सोपं होतं. कळी तुटून पडत नाही, झाड तिला सोडून देतं. कळी जिथे पेराच्या टोकाला चिकटलेली असते, तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. झाडाला ताण बसला की त्या भागात इथिलीन वायू जास्त तयार होतो, थरातल्या पेशींना जोडून ठेवणारा भाग विरघळतो आणि कळी सुटते. हे तासाभरात होत नाही. धक्का बसल्यापासून कळी जमिनीवर पडेपर्यंत दोन-तीन दिवसांपासून आठवडाभराचा काळ जातो. आज पडलेली कळी झाडाने काही दिवसांपूर्वीच सोडायला घेतलेली असते. त्यामुळे कळी पडली की त्या दिवशी काय चुकलं हे शोधण्यात अर्थ नसतो. मागचे दहा दिवस तारखेनिशी कागदावर लिहून काढायचे: कुंडी कधी हलवली, पाणी कधी आणि किती घातलं, दारं-खिडक्या कधी उघड्या राहिल्या.

या उशिरामुळेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कळ्या पडू लागल्या की माणूस पाणी वाढवतो, दोन दिवसांनी कुंडी उन्हात नेतो, फरक दिसला नाही की खत घालतो. यातलं प्रत्येक पाऊल झाडासाठी नवा धक्का असतं, आणि पहिल्या धक्क्याची गळती थांबायच्या आत दुसऱ्याची सुरू होते.

तुमचे दिवस असे मांडता येतात. बारा दिवसांपूर्वी झाड बाहेरून आत आलं. नऊ दिवसांपूर्वी पाण्याची वेळ चुकली. आठ दिवसांपूर्वी दुसऱ्यांदा जागा बदलली. पाच दिवसांपूर्वी गळती सुरू झाली आणि परवा दोन पेले पाणी मिळालं. म्हणजे गळती सुरू झाली तेव्हा पहिल्या बदलाला सात दिवस आणि दुसऱ्याला तीन दिवस झाले होते, शिवाय शेवटचं पाणी घालून अकरा दिवस उलटले होते. जागेचा बदल आणि कोरडेपणा एकमेकांवर चढले.

पडलेल्या कळ्याही हेच सांगतात, पण त्या ताज्या असताना बघायला हव्यात. सकाळी पडलेल्या कळ्या गोळा करून बोटांत दाबून पाहा. कळी हिरवी, टणक, आतून पाण्याने भरलेली असेल आणि तिचं बूड स्वच्छ सुटलं असेल, तर तिला पाणी मिळत होतं आणि झाडाने तिला अचानक सोडलं. हे जागाबदल, हवेचा झोत किंवा इथिलीनचं लक्षण. कळी सुरकुतलेली, मऊ आणि हलकी असेल तर तिच्यापर्यंत पाणी पोचलं नाही. अशी कळी दिसली की लगेच झाडाची पेरंही दाबून बघायची, कारण पाणी न पोचण्याची कारणं दोन असतात: कुंडीत पाणीच नाही, किंवा पाणी आहे पण मुळं कुजलेली आहेत. पेरं पातळ, लवचीक झालीत आणि कुंडी हलकी आहे, तर कोरड. पेरं लुळी पडलीत आणि माती मात्र ओली आहे, तर मुळांची तब्येत बिघडली आहे. कळी तपकिरी आणि चिकट असून तिच्यावर राखाडी लव दिसत असेल तर ती बुरशी. ती बहुतेक वेळा कळ्यांवर पाणी साचल्याने आणि हवा कोंडल्याने येते.

कळीच्या टोकाला दिसणारा गुलाबी किंवा लालसर रंग हा मात्र आजार नाही. तो आतल्या पाकळ्यांचा रंग असतो. पेरांच्या कडा तांबूस होणं वेगळं. ते जास्त ऊन, थंडी किंवा कोरड यांचं चिन्ह असतं.

तुमच्याकडे बऱ्याचशा कळ्या हिरव्या आणि थोड्या सुरकुतलेल्या, म्हणजे मुख्य कारण धक्का आणि त्याला जोड कोरडेपणाची. आता जागाबदल, दाराजवळचा झोत आणि पाणी या तीनही गोष्टी एकेक करून बघू.

जागा बदलल्यावर नेमकं काय बदलतं

नावात कॅक्टस असला तरी हे वाळवंटातलं झाड नाही. श्लुम्बर्गेरा या प्रजातीतली झाडं मूळची आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरी जंगलांतली. तिथे ती मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत, शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यात मुळं रोवून वाढतात. हवा दमट आणि थंडसर असते, उजेड पानांतून गाळून येतो. तापमान, ओलावा आणि उजेड तिथे हळूहळू बदलतात. गॅलरीतून बैठकीत आणलेल्या झाडाला मात्र हे तिन्ही बदल पाच मिनिटांत सोसावे लागतात.

यातला उजेडाचा बदल सगळ्यात फसवा, कारण आपले डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की उजेड खिडकीलगतच्या उजेडाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सहज उतरतो, तरी खोली आपल्याला लख्ख वाटते. कळ्या भरायला साखर लागते आणि ती उजेडावर तयार होते. उजेड एकदम घटला की झाडाजवळचा साठा सगळ्या कळ्यांना पुरत नाही, मग काही सोडाव्या लागतात.

टेबलावरचा उजेड असा तपासा. दिवे बंद करून भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर साधारण 30 सेंटीमीटरवर हात धरा. हाताची सावली अस्पष्ट कडांची पण ओळखू येईल अशी पडली, तर जागा चांगली आहे आणि कुंडी तिथून हलवायची नाही. सावली काळी, रेखीव पडली तर ऊन थेट येतंय. तिथे कुंडी न हलवता पातळ पडदा लावा. सावली पडलीच नाही, तर टेबल फारच अंधारं आहे आणि तिथे कळ्या उमलणार नाहीत. अशा वेळी एकदाच, शेवटचं, कुंडी भरपूर उजेडाच्या खिडकीपासून मीटरभर अंतरावर न्या आणि फुलं संपेपर्यंत तिथेच ठेवा.

नेताना कुंडीची दिशाही सांभाळा. कळ्या उजेडाकडे वळत वाढतात. कुंडी अर्धी फिरवली की त्यांना पुन्हा वळावं लागतं, त्यातून गळ वाढते. खिडकीकडच्या बाजूला कुंडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा, म्हणजे पुसापुशी करताना उचलली तरी ती पुन्हा तशीच ठेवता येते. झाड सगळीकडून सारखं दिसावं म्हणून कुंडी फिरवण्याची सवय एरवी चांगली, पण कळी दिसल्यापासून फूल गळेपर्यंत ती बंद ठेवायची.

आणखी एक हालचाल अगदी काळजीपोटी केली जाते. कळ्या धरायला लांब रात्र लागते हे खरं. थंडसर हवेत रोज 13-14 तास सलग काळोख सुमारे सहा आठवडे मिळाला की हे झाड कळ्या धरतं, म्हणून काही जण कुंडी रोज संध्याकाळी कपाटात ठेवतात किंवा खोक्याने झाकतात. कळ्या डोळ्यांना दिसल्या की त्या काळोखाचं काम संपलेलं असतं. त्यानंतरही रोजची ने-आण चालू ठेवली तर त्याच कळ्या त्या ने-आणीने गळतात. तुम्ही असं करत असाल तर आजपासून थांबवा.

बाहेर वाढणारं झाड आत आणायचंच असेल तर ते कळ्या दिसायच्या आधी आणावं, फार तर कळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असताना. कळ्या मोठ्या झाल्यावर आणायची वेळ आली, तर घरातलं आणि बाहेरचं तापमान सर्वांत जवळ येतं ती वेळ निवडा. थंडीच्या दिवसांत ही वेळ बहुधा दुपारची असते. रात्री गारठलेली कुंडी तशीच उबदार खोलीत आणणं सगळ्यात वाईट.

विकत आणलेल्या फुलत्या झाडाचंही असंच होतं. वाहतुकीत ते काळोख्या खोक्यात, कागद किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात बंद असतं आणि त्यात इथिलीन साचतं. घरी आणल्याबरोबर वेष्टन काढा, ठरलेल्या जागी ठेवा आणि पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा कळ्या गेल्या तरी ते प्रवासाचे परिणाम समजा.

दाराजवळचे चार दिवस

दाराशेजारच्या जागेचं सरासरी तापमान खोलीएवढंच असतं, तरी ती जागा वाईट ठरते. दार उघडलं की थंड हवेचा झोत थेट कुंडीवर येतो, बंद केलं की पुन्हा ऊब. दिवसातून वीस-तीस वेळा हे घडतं. हे झाड कळ्यांवर असताना 15 ते 20 अंश सेल्सियसमध्ये खूश असतं आणि रात्री 12-13 अंशांपर्यंत स्थिर थंडी सहज सोसतं. किंबहुना थंडसर जागेत फुलं जास्त दिवस टिकतात. त्याला सोसत नाही ते दिवसभराचं वर-खाली.

झोताने कळीचं पाणी दोन बाजूंनी तुटतं. वाहती हवा कळीच्या आणि पेराच्या सालीवरचा ओलावा पटापट ओढून नेते. त्याच वेळी खालून येणाऱ्या गार हवेने कुंडीतली माती थंड झाली असेल तर मुळं पाणी सावकाश उचलतात. वरून खर्च वाढतो, खालून पुरवठा घटतो. माती ओली असूनही टोकाची कळी तहानलेली राहते. थंड फरशीवर किंवा काचेला टेकून ठेवलेल्या कुंडीतही हेच होतं. म्हणून कुंडीखाली लाकडाची फळी किंवा जाड पुठ्ठा ठेवावा आणि थंडीत काचेपासून किमान वीतभर अंतर ठेवावं.

गरम झोतही तितकाच वाईट. एसीच्या तोंडासमोर, हीटरच्या वर, फ्रिजच्या मागे निघणाऱ्या उष्ण हवेजवळ किंवा पंख्याच्या थेट पट्ट्यात कळ्या टिकत नाहीत.

झोत आहे की नाही हे तपासायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा आणि कुंडीच्या वर, कळ्यांच्या उंचीला धरा. दारं-खिडक्या नेहमीसारख्या उघडा, बंद करा, पंखा आणि एसी चालू करा. पट्टी सतत फडफडली तर जागा बाद. धूर सोडून झोत बघायची युक्ती या झाडाजवळ वापरू नका, कारण धुरातही इथिलीन असतं. किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर मिळाला तर तो एक दिवस-रात्र कुंडीच्या काठावर ठेवा. दोन आकड्यांत 8-10 अंशांहून जास्त फरक पडत असेल आणि तो दिवसातून अनेकदा होत असेल, तर गळतीचं कारण सापडलं.

फळांच्या टोपलीबद्दल. पिकणारी केळी, सफरचंदं, आंबे, टोमॅटो इथिलीन सोडतात आणि कळ्यांवर आलेली ही झाडं त्या वायूला हळवी असतात. मोठ्या, खेळत्या हवेच्या खोलीत एका टोपलीने एवढी गळ होईल असं मला वाटत नाही. पण हवा बंद खोलीत, टोपली कुंडीला खेटून असेल तर ती गळतीत भर घालते. टोपली उचलणं झाड उचलण्यापेक्षा सोपं आहे, तेव्हा ती आजच दुसऱ्या खोलीत न्या. गॅसची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी त्याच खोलीत असेल तर ते जास्त गंभीर. अपुऱ्या जळणातून निघणारं इथिलीन टोपलीतल्या फळांपेक्षा अधिक असू शकतं. अशा ठिकाणी सगळीच झाडं एकदम कळ्या टाकतात, एकटं हेच नाही, यावरून ते ओळखता येतं.

पाणी: रविवार नको, वजन हवं

तुमच्या पाण्यात मला दोन अडचणी दिसतात. ठरलेला वार ही पहिली. कुंडी किती वेगाने सुकते हे उजेड, ऊब आणि हवेवर ठरतं. गॅलरीत सात दिवसांनी सुकणारी कुंडी गरम, कोरड्या खोलीत चार दिवसांत सुकेल आणि थंड खोलीत दहा दिवस ओली राहील. झाड आत आलं त्या दिवशी जुना हिशोब संपला.

चुकलेल्या पाण्याची भरपाई दुप्पट पाण्याने करणं ही दुसरी. कोकोपीट किंवा पीटचं मिश्रण पूर्ण सुकलं की ते आक्रसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी झिडकारतं. वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि ताटलीत साचतं. वरून बघताना वाटतं की भरपूर पाणी झालं. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडाच आणि बूड मात्र ताटलीतल्या पाण्यात भिजत असतं. एकाच कुंडीत वरच्या मुळांना दुष्काळ आणि खालच्या मुळांना पूर. परवा पाणी घातल्यावर ते लगेच, अर्ध्या मिनिटात खालून यायला लागलं होतं का, हे आठवून बघा. तसं असेल तर तुमच्याकडेही हेच झालंय.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तीच स्थिती या कुंडीत हवी: माती ओलसर, पण मुठीत दाबली तर पाणी न टपकणारी, आणि पोकळ्यांत हवा खेळती. कळ्यांच्या दिवसांत मिश्रण पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही आणि भिजटही ठेवायचं नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकला, पण त्याखाली बोटाला गारवा लागतो, ही पाणी घालायची वेळ.

बोटापेक्षा वजन खात्रीचं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर तो कुंडीच्या जागेजवळच ठेवा आणि मोजून झाल्यावर कुंडी चिकटपट्टीच्या खुणेप्रमाणे परत ठेवा. एवढ्या क्षणभराच्या उचलण्याने काही बिघडत नाही. पूर्ण पाणी घालून, निथळून झाल्यावरचं वजन लिहून ठेवा. समजा ते 1200 ग्रॅम भरलं. 15 सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या कुंडीत साधारण सव्वा लिटर मिश्रण मावतं. त्यातलं पाणी 200 ते 250 ग्रॅमने कमी झालं, म्हणजे काटा 950 ते 1000 वर आला, की पुन्हा पाणी घालायचं. 800 पर्यंत वाट पाहिली तर कळ्या सुरकुततील. 1150 असताना घातलंत तर मुळं गुदमरतील. तुमच्या कुंडीचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत तीच. काटा नसेल तर पाणी घातल्यावर आणि चार दिवसांनी कुंडी तळहातावर किंचित तोलून बघा, आठवडाभरात हाताला अंदाज येतो.

पाणी घालताना ते खोलीच्या तापमानाचं असू द्या. नळाचं थंडगार पाणी मुळांना झोतासारखाच धक्का देतं. कुंडीच्या सगळ्या पृष्ठभागावर सावकाश घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. पहिल्या खेपेला मिश्रण जागं होतं, दुसऱ्या खेपेला ते पाणी धरतं. भोकातून पाणी आलं की थांबा आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताटली रिकामी करा. कुंडीवर शोभेचं बाहेरचं भांडं असेल तर त्यात पाणी साचलंय का हे प्रत्येक वेळी बघायला हवं, कारण ते वरून दिसत नाही.

आज तुम्ही करायचं ते असं. ताटलीतलं पाणी फेका. बांबूची पातळ काडी कुंडीच्या मध्यापर्यंत, अंदाजे आठ सेंटीमीटर, हळूच खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर निघाली आणि तिला माती चिकटली असेल, तर परवाचं पाणी आत पोचलंय. मग वर सांगितलेल्या वजनापर्यंत वाट बघा. काडी कोरडी निघाली तर पाणी कडेने वाहून गेलं. अशा वेळी वरून आणखी ओतू नका. पसरट भांड्यात तीन-चार सेंटीमीटर कोमट नव्हे, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, कुंडी त्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की काढून निथळू द्या. हे भांडं कुंडीच्या जागीच आणा, कुंडी मोरीत नेऊ नका.

काडीला कुबट, सडका वास आला आणि पेरं लुळी असतील, तर प्रकरण वेगळं आहे. एरवी कळ्या असताना कुंडी बदलायची नसते, पण मुळं कुजत असतील तर कळ्या तशाही जाणार आणि थांबलात तर झाडही जाईल. कुंडीतून गोळा काढा, तपकिरी, मऊ, साल सुटणारी मुळं कापा, उरलेल्या पांढरट-टणक मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत लावा. कोकोपीट दोन भाग, परलाइट एक भाग आणि थोडे सालीचे तुकडे असं हलकं मिश्रण घ्या. सोबत दोन-तीन पेरांचे निरोगी तुकडे पिळून तोडा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि वेगळे लावा. मूळ झाड वाचलं नाही तरी त्यांपासून नवं होतं. तुमच्या वर्णनात लुळेपणाचा उल्लेख नाही, त्यामुळे हे करावं लागेल असं मला वाटत नाही.

पुढचे दहा दिवस

पहिले चार-पाच दिवस गळ चालूच असेल, पण रोजचा आकडा उतरत गेला पाहिजे: सहा, चार, तीन. रोज सकाळी पडलेल्या कळ्या मोजून लिहा. त्याशिवाय गळ कमी होतेय हे डोळ्यांना कळत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी एखाद-दुसरी कळी पडणं ठीक. दहाव्या दिवशीही रोज चार-पाच पडत असतील तर एखादा धक्का अजून चालू आहे. मग आधी काडीने मुळांकडचा ओलावा, नंतर टिश्यूच्या पट्टीने झोत, शेवटी सावलीने उजेड या क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलांत पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे कशाने फरक पडला ते समजेल.

या काळात खत नको. कळ्या धरल्यावर दिलेलं खत फुलांना उपयोगी पडत नाही आणि कोरड्या मिश्रणात दिलं तर क्षारांनी मुळं पोळतात. कळ्यांवर पाणी फवारणंही टाळा. फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो, मागे राहतात त्या कळीच्या बेचक्यातल्या थेंबांवर वाढणाऱ्या बुरशा. हवा फारच कोरडी असेल तर रुंद ताटात खडे पसरून त्यात पाणी भरा आणि कुंडी खड्यांवर, पाण्याला न टेकता ठेवा, किंवा इतर कुंड्या तिच्या शेजारी आणा. या उपायाने कोरडेपणा थोडाच कमी होतो, झोत थांबवण्याने त्याहून जास्त.

सगळ्या कळ्या वाचवायचा हट्टही धरू नका. एकेका टोकाला तीन-चार कळ्या आलेल्या असतात तेव्हा निरोगी झाडही त्यातली एखादी सोडतं आणि उरलेल्या मोठ्या होतात. एका टोकाची एक-दोन बारीक कळी गेली आणि बाकीच्या फुगत राहिल्या, तर काही बिघडलेलं नाही. काळजी मोठ्या, टपोऱ्या कळ्या पडल्या तर करायची. दोन-अडीच सेंटीमीटर लांबीची, रंग दाखवू लागलेली कळी सहसा झाड सोडत नाही. ती पडली तर त्या आठवड्यात मोठं काहीतरी घडलंय.

फुलं संपल्यावर महिनाभर पाणी थोडं कमी ठेवा. नवी पेरं फुटू लागली की कुंडी बदलायची, छाटणी करायची ती वेळ. पुढच्या हंगामासाठी घरातली जागा आताच ठरवून ठेवा: सावलीच्या परीक्षेत उतरलेली, पट्टी न फडफडणारी. रात्री मोठ्या होऊ लागतील तेव्हा, टोकांवर कळ्या दिसण्याच्या निदान तीन आठवडे आधी, झाड त्या जागी आणा. संध्याकाळी त्या खोलीत उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर कळ्याच धरणार नाहीत, म्हणून जागा निवडताना रात्रीचा काळोखही बघा. तशी जागा घरात नसेल तर कळ्या धरेपर्यंत गॅलरीत ठेवा आणि दाणे दिसताच, ते मोठे व्हायच्या आत, आणा. गॅलरीत रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जाऊ लागलं तर मात्र कळ्यांची वाट न पाहता आत घ्या.